फळ्यावरचा ‘१ मीटर’

खरिपाच्या नियोजनाची आमची बैठक ९ मे २०२५ला झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं गोदाम आहे, तिथंच. टिनाच्या छताखाली दोन कूलर, भिंतीला टेकवलेला पांढरा फळा आणि प्रोजेक्टरचं चित्र दिसावं म्हणून अर्धं पाडलेलं शटर. इतिवृत्त लिहायचं काम सीईओ सरांकडे होतं. साडेअकराला तुरीचा ट्रक दारात लागला आणि सर वजन करायला म्हणून जे गेले ते जेवायच्या वेळेलाच आत आले. त्यांच्या वहीत त्या दिवसाचं एकच पान आहे. त्यावर ‘उपस्थिती : १४’ आणि खाली ‘१) बियाणे –’ एवढंच. त्या रेघेच्या पुढं काहीच नाही.

बाकीच्या तेरा जणांना वाटत होतं की कोणीतरी लिहून घेतंय.

मी कंपनीचे हिशेब बघते. त्या दिवशी माझं लक्ष चहा, जेवण आणि हमालांची मजुरी यांत होतं, आत बसले असेन तर तुकड्यातुकड्यांनी एखादा तास. २४ मेला अध्यक्ष काकाजींनी बोलावलं. खेळत्या भांडवलासाठी बँकेला कागद द्यायचे होते, ५ जूनला संचालक मंडळाची सभा लावली होती, आणि त्या सभेपुढं ‘आपण काय ठरवलं आन काहून ठरवलं’ हे लेखी ठेवायचं होतं. काकाजी म्हणाले, “फळ्याचे फोटो आहेत सगळ्यायच्या मोबाइलात. ते लॅपटॉपवरचं सादरीकरणही आहे. लिहून टाका ताई, दोन घंट्याचं काम आहे.”

त्या दोन घंट्यांचे दहा दिवस झाले.

पहिला घोळ फोटोंचाच. ग्रुपवर पडलेले पाच फोटो मी उतरवून घेतले. नावं `IMG-20250509-WA0012.jpg` अशी. त्यातली तारीख व्हॉट्सॲपवर फोटो आला त्या दिवसाची, काढला किती वाजता ते त्यात नसतं, आणि पाठवताना फोटो दाबला जातो म्हणून बारीक अक्षरं पुसट होतात. मग ज्यांनी काढले त्या तिघांना मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले. मूळ फोटोंत वेळ होती. चार फोटो १२.४८ ते १२.५५ मधले आणि एक ३.१७चा. म्हणजे जेवणानंतर फळा पुसून पुन्हा लिहिला होता. ग्रुपवर ते पाचही एका ओळीत पडल्यामुळं मी ते एकाच फळ्याचे पाच तुकडे समजून जोडत बसले होते. सकाळचा आकडा दुपारच्या बाणाला जुळवत होते.

दुसरी चूक मी हौसेनं केली. मोबाइलमधल्या स्कॅनच्या ॲपमध्ये फळ्यासाठी वेगळा मोड असतो. तो फोटो सरळ करतो, तिरपेपणा काढतो आणि पाठीमागचं सगळं पांढरंशुभ्र करतो. फोटो इतके देखणे झाले की मी मूळ फोटो बाजूलाच ठेवले. पण बोटानं अर्धवट पुसलेलं अक्षर त्या ॲपला डाग वाटतं. ते डागासारखंच धुऊन टाकतं. पुसलेलं वाचता आलं नसतं तर बियाण्याच्या निर्णयाचं कारण मला कधीच सापडलं नसतं, ते कसं ते पुढं येईल. आता मी दोन्ही ठेवते, वाचायला साफ केलेला आणि खोडलेलं शोधायला मूळ, थोडा काळपट करून.

स्लाइडचं वेगळंच. सादरीकरण २३ स्लाइडचं होतं आणि ते वाचून इतिवृत्त लिहिणं फार सोपं होतं, कारण त्यात सगळं नेटकं टाइप केलेलं होतं. पण स्लाइड आदल्या दिवशी बनलेल्या. त्यात आम्ही काय घेऊन बसलो होतो ते आहे, काय घेऊन उठलो ते नाही. म्हणून मी एका कोऱ्या कागदावर डावीकडं स्लाइडवरचा आकडा आणि उजवीकडं फळ्यावरचा असं मांडत गेले. जिथं दोन्ही सारखे तिथं बहुतेक वाद झालाच नव्हता. जिथं बदलले तिथं कोणीतरी काहीतरी बोललं होतं, आणि मला तेच हवं होतं.

अशा सहा जागा निघाल्या. त्यातल्या तीन जागांनी फार छळलं.

सकाळच्या फळ्यावर मधोमध, दोनदा गोल केलेला एक आकडा होता. ३२.३. शेजारी ना किलो, ना क्विंटल, ना रुपये. वरती ‘घरचं’ एवढा शब्द. आधी वाटलं क्विंटल असतील. मग वाटलं बत्तीसशे असा काही भाव असेल, पण भावाला कोणी टिंब देत नाही. दोन दिवस तो आकडा तसाच राहिला. मग स्लाइड ९ पुन्हा उघडली. तिथं सोयाबीनच्या बियाण्याची उगवण ७० टक्के धरून एकरी ३० किलो, अशी ओळ होती. उगवण कमी असेल तर बियाणं त्या प्रमाणात वाढवायचं, हे आमच्याकडं प्रत्येक कृषी सहायक दर मे महिन्यात सांगतो. मी मोबाइलवर ३० गुणिले ७० भागिले ६५ केलं. उत्तर आलं ३२.३०७.

तेव्हा फळा वाचता आला. ६५ टक्के उगवण असलेलं घरचं बियाणं वापरायचं तर एकरी ३२.३ किलो लागेल, म्हणजे तोंडी हिशेबानं सव्वाबत्तीस. स्लाइड ७वर विकतच्या बियाण्याच्या ४०० थैल्या होत्या, फळ्यावर ४०० खोडून २५० केल्या होत्या. उरलेलं सभासदांच्या घरच्या सोयाबीनमधून चाळून, गोणपाटात शंभर दाणे घालून उगवण तपासून, ३० किलोच्या थैल्या भरून द्यायचं. आणि ६५च्या खालचा नमुना बियाण्याला घ्यायचा नाही.

निर्णय मिळाला. कारण? ६५च काहून? स्लाइड ८वरच्या तक्त्यात सभासदांच्या घरचे बरेच नमुने ६० ते ६४च्या मध्ये होते. ६०वर थांबलो असतो तर विकतचं बियाणं आणखी कमी लागलं असतं, पैसे वाचले असते. मी कच्च्या मसुद्यात लिहिलं, ‘बियाण्याची गुणवत्ता राखण्यासाठी’. असली कारणं कुठल्याही इतिवृत्तात बसतात, म्हणूनच ती कामाची नसतात. मग मूळ फोटो काळपट करून पाहिला तर ३२.३च्या खाली पुसलेलं दिसलं : ६० → ३५. म्हणजे साठचा हिशेब कोणीतरी मांडला होता आणि मोडलाही होता.

फोन लावला महिला गटाच्या ताईंना, कारण फोटोत त्या फळ्याच्या अगदी बाजूला हातात डस्टर धरून उभ्या होत्या. मी मुद्दाम विचारलं नाही की ‘गुणवत्तेसाठीच ना?’ फक्त म्हटलं, ताई, साठ आणि पस्तीस असं लिहून पुसलंय, तिथं काय बोलणं झालं होतं?

त्या हसल्या. “मीच पुसलं ते. मी म्हटलं, आपला कास्तकार एका एकराले एक थैली टाकते. त्याले सवा दोन किलो जास्त टाक म्हटलं तर तो घरातून ओंजळभर आणून टाकून देईन. पाच किलो म्हटलं तर दुसरी थैली फोडा लागते. दुसरी थैली कोणी फोडत नाही जी. तो तीसच पेरन, आन मंग विरळ उगवलं की आपल्याच नावानं बोंबलन.”

हे मी कितीही डोकं लावून लिहू शकले नसते. ६५ची रेघ उगवणीच्या शास्त्रातून आलेली नव्हती, ती थैलीच्या तोंडापाशी ओढली गेली होती. इतिवृत्तात मी ते जवळजवळ तसंच लिहिलं : ‘६० टक्के उगवणीस एकरी ३५ किलो लागते, ३० किलोच्या एका थैलीनंतर दुसरी थैली फोडून जादा ५ किलो पेरले जाण्याची शक्यता कमी, म्हणून मर्यादा ६५ टक्के.’ पुढच्या वर्षी कोणी थैलीच ३५ किलोची भरायची ठरवली, तर या कारणात आता जीव नाही हे वाचणाऱ्याला लगेच कळेल.

दुसरी जागा ‘१ मीटर’ची. दुपारच्या फळ्यावर डावीकडं ‘संकलन केंद्र २’ मधला २ खोडून १ केला होता आणि बाणाच्या टोकाला लिहिलं होतं ‘१ मीटर’. मी म्हटलं, हे थप्पीचं. गोदामात पोत्यांची थप्पी भिंतीला टेकवत नाहीत, ओल लागते, फिरायला जागा सोडावी लागते. मी चक्क मुद्दा क्रमांक ६ टाइप केला : ‘गोदामात थप्पी भिंतीपासून एक मीटर अंतरावर लावावी.’ आणि केंद्र एकच ठेवण्याचं कारण लिहिलं ‘खर्च बचत’, कारण स्लाइड १०वर दुसऱ्या केंद्राचा खर्च ८५ हजार दाखवला होता. दोन्ही वाक्यं इतकी शहाणी दिसत होती की कोणी हरकत घेतलीच नसती. नेमकी तीच भीती.

खटकलं ते बाणामुळं. थप्पीचा बाण केंद्राच्या आकड्याकडं काहून जाईल? मी दोघा संचालकांना वेगवेगळे फोन केले. एकत्र विचारलं की पहिला जे बोलतो तेच दुसऱ्याला आठवायला लागतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. दोघांनीही सांगितलं ते एकच. मागच्या हंगामात आमच्याकडं दोन ठिकाणी माल घेतला होता आणि ओलावा मोजायची दोन मशीनं होती. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. एका कास्तकाराच्या एकाच पोत्यातला नमुना एका मीटरवर ११.६ आला आणि दुसऱ्यावर १२.४. एकीकडं पास, दुसरीकडं नापास. मग लोक नापास झाल्यावर गाडी वळवून दुसऱ्या केंद्रावर नेऊ लागले, आणि दोन गावांत ‘तुमच्या मीटरनं आमचा माल पाडला’ असं सुरू झालं. म्हणून, जोवर दोन्ही मीटर एकाच नमुन्यावर सारखे लागत नाहीत तोवर एकच केंद्र, एकच मीटर.

ओलावा मोजायचा मीटर! मी अंतर समजून बसले होते. मुद्दा ६ खोडला. गंमत म्हणजे कागदावर तो सर्वांत नीट लिहिलेला मुद्दा होता.

खर्चाचं कारण मी पूर्ण काढलं नाही. ८५ हजार बैठकीत वाचून दाखवले होते, ते दोघांनाही आठवत होतं. पण निर्णय त्यावर फिरला नव्हता. म्हणून ‘खर्चाचा उल्लेख झाला’ आणि ‘निर्णयाचे कारण’ अशा दोन वेगळ्या ओळी केल्या.

मध्ये एक छोटी अडचण, पण पैशाची. शेतकऱ्याला पैसे किती दिवसांत द्यायचे, तिथं फळ्यावर एक अंक होता तो इंग्रजी चार आहे की मराठी पाच, ते कळेना. घाईत लिहिले की दोन्ही सारखेच दिसतात. फळ्यावर काळ्या आणि निळ्या दोन शाया होत्या. काळ्या शाईतले बाकीचे सगळे अंक मराठी वळणाचे, ते काकाजींचं अक्षर. निळ्यातले इंग्रजी, ते सीईओ सरांचं. हा अंक काळा होता, म्हणजे पाच. तरी काकाजींना विचारलंच. “पाचच. चार कोण देऊन रायलं?” म्हणाले.

तिसरी जागा भावाची, आणि इथं फोटो स्वच्छ होता, माणसांची आठवणच वाकडी निघाली.

खेळत्या भांडवलाचा हिशेब १५०० क्विंटल खरेदीवर होता. ८ मेला ईमेलवर आलेल्या स्लाइड १२मध्ये भाव ४,८९२ रुपये धरला होता. तो २०२४-२५चा सोयाबीनचा हमीभाव. गुणाकार ७३ लाख ३८ हजार. लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये मात्र तीच स्लाइड ४,२०० रुपयांची आणि ६३ लाखांची, आणि फाइल शेवटची सेव्ह झालेली ९ मेला दुपारी १.४०ला. म्हणजे आकडा बैठकीत, सगळ्यांसमोर बदलला. सादरीकरणाच्या दोन प्रती शेजारी उघडल्या नसत्या तर मी ६३ लाख हाच मूळ प्रस्ताव समजले असते.

का बदलला, हे विचारायला मी बसले तोवर मेचा शेवट आला होता. २८ मेला केंद्रानं नवे हमीभाव जाहीर केले, सोयाबीन ५,३२८. ३० तारखेला मी एका संचालक बापूंना फोन केला. ते ठाम होते : “हमीभाव ५,३२८ झाला, बाजार त्याच्या खालीच रायते, म्हणून आपण सावध भाव धरला. मीच बोललो होतो हे.” बोलण्यात जराही लबाडी नव्हती. पण ९ मेला ५,३२८ हा आकडा कोणालाच माहीत नव्हता. तीन आठवड्यांनी ऐकलेली बातमी त्यांच्या आठवणीत त्या दिवशीच्या खुर्चीवर येऊन बसली होती.

मी त्यांना खोटं ठरवलं नाही. एवढंच विचारलं, बापू, त्या दिवशी फळ्यावर ४,८९२वर फुली आहे, ती कोणत्या बोलण्यावर पडली? थोडं थांबले. मग म्हणाले, “हं… तेव्हा जुनाच भाव होता, नाही का. मंग ते असं झालं. मी म्हटलं, सरलेल्या हंगामात बाजारात हमीभाव कोणाले भेटला? आपण व्यापाऱ्याच्या बरोबरीनं घेणार, तं त्याच भावानं हिशेब करा. जास्तीच्या कर्जाचं व्याज कायले भरता?” दुसऱ्या दोघांनी स्वतःहून हेच सांगितलं. तेव्हा कारण पक्कं झालं : खरेदी बाजारभावानं, मागच्या हंगामात बाजारभाव हमीभावाच्या खाली, म्हणून ४,२०० धरले, जादा उचल केल्यास व्याजाचा भार.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. कोणीही कारण सांगितलं की आधी बघायचं, ही गोष्ट ९ मेला माहीत होती का. आणि त्याच पानाच्या खाली वेगळ्या चौकटीत लिहिलं : ‘२८ मे रोजी नवा हमीभाव जाहीर, हा निर्णय त्याआधीचा. मंडळाने फेरविचार करावा किंवा कसे, हे सभेत ठरावे.’ नवी माहिती जुन्या निर्णयाच्या पोटात शिरवली असती, तर मंडळाला वाटलं असतं की सगळं लक्षात घेऊनच ठरलंय.

मसुदा तयार झाला तेव्हा नावाचा प्रश्न आला. कंपनी कायदा २०१३च्या कलम ११८प्रमाणे मंडळाच्या सभेचं इतिवृत्त ३० दिवसांत नोंदवहीत चढवावं लागतं. आमची ही बैठक मंडळाची रीतसर सभा नव्हतीच. चौदातले सातच संचालक, बाकी गटांचे प्रतिनिधी आणि पाहुणे. त्यामुळं ‘ठराव सर्वानुमते संमत’ असं लिहायचा मला हक्क नव्हता, सूचक-अनुमोदक कोण ते तर फोटोत दिसतच नाही. सीईओ सर म्हणाले, “टाका कोणाचंही, नंतर सह्या करतीन.” मी नाही टाकलं. सर जरा चिडले. वर शीर्षक दिलं, ‘नियोजन बैठक दि. ९ मे २०२५ : फळ्याची छायाचित्रे, सादरीकरण व सहभागींच्या सांगण्यावरून दि. २४ मे ते ३ जून या काळात तयार केलेले टिपण’. प्रत्येक मुद्द्यापुढं कंसात कुठून घेतलं ते : फोटो ३, स्लाइड ९, किंवा ‘दोन संचालकांच्या सांगण्यावरून’. आणि मुद्दे तीन प्रकारचे. ठरलेलं, नुसतं बोललेलं, आणि कळत नसलेलं.

कळत नसलेलं एकच होतं. दुपारच्या फोटोत उजव्या खालच्या कोपऱ्यात शटरखालून आलेल्या उन्हाचा पांढरा पट्टा पडलाय. त्याच्या कडेला ‘दाल मिल’ एवढं वाचता येतं आणि नंतर एक खूण, जी बरोबरची असू शकते किंवा प्रश्नचिन्हाचा वरचा वाक. फोटो कितीही काळा केला तरी तिथं अक्षर नाही, कारण कॅमेऱ्यानं तिथं काही टिपलंच नाही. सादरीकरणात दाल मिलचं नाव नाही. एक संचालक म्हणत होते घ्यायची ठरली, दुसरे म्हणत होते पुढच्या वर्षावर ढकलली. दोघं शेजारी-शेजारी बसले होते.

५ जूनला काकाजींनी टिपण मोठ्यानं वाचलं. थैलीच्या मुद्द्याला हशा झाला, ‘१ मीटर’ला मान डोलल्या. शेवटी मुद्दा ११ आला : ‘दाल मिल – चर्चा झाली. निर्णय झाल्याचे आढळत नाही. दोन संचालकांचे सांगणे परस्परविरोधी. दोन्ही सोबत नोंदवले आहे.’ दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. पहिले म्हणाले, “असं कसं, ठरलं होतं ना बापा.” दुसरे काही बोलले नाहीत, फक्त कागद उलटा करून पाठीमागं काही आहे का ते पाहिलं.

“मंग आज ठरवू,” काकाजी म्हणाले, आणि सीईओ सरांकडं बघून, “तुम्ही आज ट्रकापाशी जाऊ नका जी.”